एका हौदाची चार मापं

कर्जत, अलिबाग, लोणावळा या पट्ट्यात वीकेंड होम बांधणाऱ्यांच्या यादीत आता प्लंज पूल हमखास असतो. हा पोहण्याचा तलाव नव्हे. चार जणांनी गळ्यापर्यंत पाण्यात बसावं, एवढाच तो हौद. मालक ठेकेदाराला तीन आकडे सांगतो: लांबी चार मीटर, रुंदी अडीच मीटर, पाणी एक मीटर वीस सेंटिमीटर, म्हणजे अंदाजे तेरा फूट बाय आठ फूट आणि चार फूट पाणी. ठेकेदार मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी वहीच्या पानावर एक रक्कम लिहून आणतो. त्या रकमेत काँक्रीट किती, लोखंड किती, टाइल किती, हे मालकाने विचारलं तर उत्तर बहुधा "त्यात सगळं आलं" असं असतं.

हे तीन आकडे हाताशी असतील तर हिशोब घरी बसून, कागदावर, अर्ध्या तासात होतो. गणित शाळेतलंच आहे. फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. हौद एक असला तरी त्याची मापं चार असतात, आणि प्रत्येक सामान वेगळ्या मापावर मोजावं लागतं. टाइल मोजायची ती पाण्याच्या मापावर. सेंटरिंगच्या फळ्या लावायच्या त्या काँक्रीटच्या आतल्या मापावर. काँक्रीट मोजायला बाहेरचं मापही लागतं, आणि खड्डा खणायचा तो त्याहून मोठा. मालकाने सांगितलेली लांबी यांपैकी नेमकी कोणती, हे आधी ठरवलं नाही तर पुढची सगळी बेरीज बिघडते.

आपण मीटरमध्ये मोजू. साइटवर मात्र भाषा मिसळलेली असते: हौद फुटांत, सळई मिलिमीटरमध्ये, वाळू-खडी ब्रासमध्ये आणि आरएमसी प्लँटचं काँक्रीट घनमीटरमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

४ बाय २.५ हे टाइल लागल्यानंतरचं माप धरू. काँक्रीटच्या भिंतीवर वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, चिकटवायचा अ‍ॅडहेसिव्ह आणि टाइल असे थर चढतात. त्यांची मिळून जाडी सुमारे पाच सेंटिमीटर होते. ती दोन्ही बाजूंना धरली की काँक्रीटचं आतलं माप ४.१ बाय २.६ होतं. उंचीचंही तसंच. पाणी १.२ मीटर, पाण्याच्या वर काठापर्यंत पंधरा सेंटिमीटर मोकळे, आणि तळाच्या फिनिशिंगचे पाच. म्हणजे भिंत १.४ मीटर उंच. भिंत आणि तळ दोन्ही वीस सेंटिमीटर जाड घेतले, तर बाहेरचं माप ४.५ बाय ३ मीटर आणि एकूण उंची १.६ मीटर होते.

ज्यांनी हे पाच सेंटिमीटर आधी धरलेले नसतात, त्यांच्या हौदाची लांबी टाइल लागेपर्यंत दहा सेंटिमीटरने घटलेली असते. चौरस फुटांवर पैसे मोजणाऱ्याला ते लक्षातही येत नाही. पण फिल्टरची पाइपं, लाइटचा डबा, पायरीची उंची असं जे काही तयार मापात येतं, ते सगळं तिथे अडतं.

आता काँक्रीट. तळ सोपा: ४.५ गुणिले ३ गुणिले ०.२, म्हणजे २.७ घनमीटर. भिंतींपाशी मात्र बरेच जण चुकतात. बाहेरून घेर मोजला तर तो १५ मीटर भरतो. त्याला जाडी आणि उंचीने गुणलं की ४.२ घनमीटर येतात, पण त्यात चारही कोपरे दोनदा मोजले गेलेले असतात. आतून घेर मोजला तर १३.४ मीटर भरतो आणि कोपरे मोजायचेच राहतात; उत्तर ३.७५ येतं. बरोबर घेर भिंतीच्या मधोमध काढलेल्या रेषेचा, तो १४.२ मीटर. त्याने भिंतींचं काँक्रीट ३.९८ घनमीटर होतं. शंका असेल तर बाहेरच्या चौकोनाच्या क्षेत्रफळातून आतल्याचं वजा करा आणि उंचीने गुणा. तोच आकडा येतो. ठेकेदाराच्या कागदावर ४.२ दिसला तर तो लबाडी करतोय असं लगेच समजू नका. बाहेरून टेप लावणं सोपं जातं, एवढंच असतं अनेकदा.

तळ आणि भिंती मिळून ६.६८ घनमीटर झाले. हौदाच्या एका टोकाला बसायला ओटा हवा असतो. चाळीस सेंटिमीटर रुंद, पंचेचाळीस उंच आणि रुंदीभर लांब असा भरीव ओटा जवळजवळ अर्धा घनमीटर खातो. सांडलवंड पाच टक्के धरली की मागवायचा आकडा साडेसात घनमीटर. खालचं पीसीसी यात धरलेलं नाही. कवचाच्या बाहेर पंधरा सेंटिमीटर काढून दहा सेंटिमीटर जाडीचं पीसीसी केलं तर हलक्या ग्रेडचं आणखी दीड-पावणेदोन घनमीटर लागतं.

पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी आपल्याकडे आयएस ३३७० हे मानक आहे. त्याच्या २००९ च्या आवृत्तीने सळईच्या काँक्रीटला किमान एम ३० ग्रेड सांगितली. पन्नास घनमीटरपर्यंतच्या लहान टाक्यांना, एम ३० मिळणं अवघड असेल तर, एम २५ ची सवलत दिली. आपला हौद बारा घनमीटरचा, म्हणजे सवलतीत बसतो. पण पुढची अट महाराष्ट्र आणि गोव्यातल्या बऱ्याच मालकांना लागू आहे: किनारपट्टीवर ही सवलत नाही. अलिबाग, मालवण, कळंगुट इथे एम ३०च हवी, कारण खारी हवा सळईपर्यंत पोचली की गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते.

साइटवर मिक्सरने काँक्रीट कालवलं जाणार असेल तर घनमीटरला आठ गोणी सिमेंट धरा. साडेसात घनमीटरला साठ गोण्या, सव्वा ब्रासच्या आसपास वाळू किंवा क्रश सँड आणि दोन-सव्वादोन ब्रास खडी. 'एकास एकास दोन' असं डोळ्यांनी प्रमाण लावणाऱ्याला सिमेंट जास्त लागतं आणि भरवसा कमी मिळतो. आयएस ४५६ मध्येही असं ठोक प्रमाण एम २० पर्यंतच चालतं. त्याच्या वर मिक्स डिझाइन करून घ्यायचं असतं. आणि पाणी! घमेलं सहज ओतता यावं म्हणून मिस्त्री मिक्सरमध्ये जास्तीचं पाणी ढकलतो, त्याने मागवलेली ग्रेड कागदावरच राहते.

हे सगळं काँक्रीट एका दिवशी पडत नाही. आधी तळ आणि त्याच्यासोबत भिंतीचा पंधरा सेंटिमीटर उंचीचा स्टार्टर, असं मिळून ३.१ घनमीटर. मग सेंटरिंग लावून उरलेल्या भिंती, ३.५५ घनमीटर. ट्रान्झिट मिक्सर साधारण सहा घनमीटरचा असतो, त्यामुळे दोन्ही वेळा अर्धीच गाडी लागते आणि कमी मालाचं जादा भाडं पडू शकतं. दर विचारताना ते आधीच विचारून घ्यावं. एक गाडी वाचवायला दोन्ही ओतकामं एकत्र करण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. बारीक सेंटरिंगखालून तळ फुगून वर येतो. दोन ओतकामांमधला सांधा हीच गळतीची पहिली जागा. तिथे पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी स्टार्टरमध्ये निम्मी बुडवून ठेवायची. १४.२ मीटर घेराला जोडांसह पंधरा मीटर पट्टी लागते. अंदाजपत्रकात ही ओळ आहे का, ते बघा. नसेल तर बहुतेक वेळा पट्टीही नसते.

लोखंडाचा ठोकताळा सगळ्यांना तोंडपाठ असतो: घनमीटरला ऐंशी ते एकशेवीस किलो. हा पल्ला एवढा मोठा का, याचं उत्तर सळईच्या जाडीत आहे. वीस सेंटिमीटर जाड भिंतीला दोन जाळ्या असतात, एक आतल्या अंगाला आणि एक बाहेरच्या. १० मिलिमीटरची सळई, दोन्ही दिशांना पंधरा सेंटिमीटरवर एक, अशी जाळी विणली तर घनमीटरला ब्याऐंशी किलो होतात. तीच जाळी १२ मिलिमीटरच्या सळईची केली तर एकशेअठरा. ठोकताळ्याची दोन टोकं ही अशी.

सळईचं वजन काढायची रीत प्रत्येक फिटरला माहीत असते. व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागलं की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १० मिलिमीटरला ०.६१७, बाराला ०.८८९. बाजारात सळई बारा मीटर लांबीची येते, म्हणजे दहाची एक सळई ७.४ किलोची.

लहान हौदाचा एक मोठा फायदा इथे मिळतो. तळातली सळई दोन्ही टोकांना वाकवून थेट भिंतीच्या माथ्यापर्यंत नेता येते, मधे जोड लागत नाही. दोन्ही बाजूंना पाच सेंटिमीटर कव्हर सोडलं तर लांबीच्या दिशेची सळई तळात ४.४ मीटर आणि दोन्हीकडे दीड-दीड मीटर वर, अशी ७.४ मीटरची होते. रुंदीच्या दिशेची ५.९ मीटरची. म्हणजे बारा मीटरच्या एका सळईतून रुंदीचे दोन तुकडे जवळजवळ काहीही वाया न जाता निघतात. लांबीचा तुकडा कापल्यावर ४.६ मीटर उरतात, आणि लांब भिंतीत आडव्या लागणाऱ्या सळया ४.४ मीटरच्याच असतात! फिटरने कापायला सुरुवात करण्याआधी हे कागदावर मांडलं तर भंगार खूप कमी होतं.

मोजून बघू. पंधरा सेंटिमीटरच्या अंतराने एका जाळीत लांबीच्या दिशेच्या २१ आणि रुंदीच्या दिशेच्या ३१ सळया बसतात. दोन जाळ्यांच्या ४२ आणि ६२. आतली जाळी बाहेरचीपेक्षा किंचित लहान असते, पण अंदाजाला दोन्ही सारख्या धरल्या तरी चालतं. भिंतीत आडव्या सळयांचे दहा थर आणि दोन जाळ्या, म्हणजे लांब भिंतींना ४० आणि आखूड भिंतींना ४० सळया. आखूड भिंतींतल्या कोपऱ्यात वळवून शेजारच्या भिंतीत साठ सेंटिमीटर घुसवायच्या, म्हणून त्या ४.१ मीटरच्या. सगळ्यांची बेरीज १,०१७ मीटर होते, वजन ६२७ किलो. खरेदी मात्र पूर्ण सळयांची करावी लागते: ४२, ३१ आणि २० मिळून ९३ सळया, म्हणजे ६८८ किलो. उरलेल्या पावणेचार मीटरच्या तुकड्यांतून ओट्याची जाळी आणि दोन जाळ्यांमध्ये अंतर राखणाऱ्या चेअर निघतात. बाइंडिंग वायर सहा-सात किलो.

सात क्विंटलच्या आसपासचा हा आकडा ठेकेदाराच्या आकड्याशी ताडून बघायला आहे, जाळी ठरवायला नाही. १० की १२, पंधरावर की वीसवर, कोपऱ्यात जादा सळई किती, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने माती पाहून ठरवायचं. काळ्या मातीत, भरावावर किंवा उतारावर उत्तर बदलतं. मालकाने स्वतः बघायची गोष्ट एकच: सेंटरिंग बंद होण्याआधी कव्हर ब्लॉक लावलेत का. जाळी फळीला टेकलेली असेल तर वजन बरोबर भरूनही ते लोखंड काही वर्षांत गंजाच्या रेषा दाखवू लागतं.

टाइलचा हिशोब पाण्याच्या मापावर. तळ ४ गुणिले २.५, म्हणजे १० चौरस मीटर. भिंतींचा आतला घेर १३ मीटर आणि उंची १.३५, म्हणजे १७.५५. एकूण २७.५५ चौरस मीटर, सुमारे तीनशे चौरस फूट. आता ओटा. बहुतेक अंदाजपत्रकांत ओट्याच्या टाइलची वेगळी ओळ असते. नीट बघितलं तर ओट्याचा माथा तळाची तेवढीच जागा झाकतो, त्याचा दर्शनी भाग मागच्या भिंतीची तेवढीच जागा झाकतो, आणि त्याची दोन टोकं बाजूच्या भिंतींचा थोडा भाग गिळून टाकतात. ओट्यामुळे टाइल वाढत नाही, उलट एक-तृतीयांश चौरस मीटर कमी लागते. कापाकापी आणि कडेची पट्टी वाढते, त्याचे पैसे जरूर द्यावेत, पण टाइलचे दुसऱ्यांदा नकोत. काठावरच्या दगडाचं मोजमाप मात्र वेगळंच असतं. तीस सेंटिमीटर रुंद पट्टी चारही बाजूंनी फिरवली तर ४.२६ चौरस मीटर दगड लागतो.

मोज़ेकची शीट तीस बाय तीस सेंटिमीटरची असेल तर तीनशे दोन शीट, आणि तूटफूट दहा टक्के धरून तीनशे तीसच्या वर. काही शीट ३२.७ सेंटिमीटरच्या असतात, त्या अडीचशेच्या आसपास पुरतात. नगावर भाव सांगितला जात असेल तर शीटचं माप आधी विचारा. मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल स्वस्त पडतात, पण त्या गुळगुळीत असतील तर तळाला लावू नयेत, आणि बाथरूमच्या भिंतीची साधी सिरॅमिक टाइल तर हौदात कुठेच नको. तिचं अंग पाणी पितं आणि ती कालांतराने सुटते.

मोज़ेकचा खरा खर्च तिच्या फटींत दडलेला असतो. दोन सेंटिमीटरच्या चौकटींमध्ये दोन मिलिमीटरची फट असेल तर एका चौरस मीटरला सव्वा किलोच्या वर ग्राउट लागतं, आपल्या हौदाला पस्तीस किलो. साठ बाय तीसच्या टाइलला तीन मिलिमीटरची फट ठेवली तरी सहा किलोत भागतं. इपॉक्सी ग्राउटचा भाव बघितला की शीटच्या किमतीवर घासाघीस करून वाचवलेले पैसे कुठे गेले, ते कळतं. अ‍ॅडहेसिव्ह चौरस मीटरला चार-पाच किलो, म्हणजे वीस किलोच्या सहा-सात गोण्या.

टाइल लावायच्या आधी, खरं तर वॉटरप्रूफिंगच्याही आधी, नुसतं काँक्रीट पाण्याने भरून आठवडाभर ठेवावं. काँक्रीट स्वतः थोडं पाणी पितं, म्हणून पहिले काही दिवस सोडून द्यायचे. मग ओट्यावर पाण्याने भरलेली बादली ठेवायची आणि बादलीतली व हौदातली पातळी खूण करून बघायची. दोन्हीकडे सारखी उतरली तर ते ऊन आणि वारा. हौदात जास्त उतरली तर गळती, आणि ती किती तेही लगेच कळतं, कारण या हौदात एक मिलिमीटर म्हणजे साधारण दहा लिटर. बाहेरून तळापासून पंधरा सेंटिमीटरवर ओली रेघ दिसली तर दोष स्टार्टरच्या सांध्याचा. ठरावीक अंतरावर गोल ओले डाग दिसले तर सेंटरिंगचे बोल्ट ओवलेली भोकं नीट बुजवलेली नाहीत. म्हणून खड्डा बाहेरून भरण्याची घाई करू नये. एकदा माती पडली की हे डाग कुणालाच दिसणार नाहीत.

काम सुरू होण्याआधी मालक एक वाक्य हमखास म्हणतो: "अजून फूटभर खोल करू या, कितीसा फरक पडतो?" फरक मोजता येतो. लांबी तीस सेंटिमीटर वाढवली तर काँक्रीट ०.३५ घनमीटर आणि टाइल दीड चौरस मीटर वाढते. खोली तेवढीच वाढवली तर काँक्रीट ०.८५ घनमीटर आणि टाइल ३.९ चौरस मीटर. म्हणजे खोलीचा फूट लांबीच्या फुटाच्या अडीचपट महाग. शिवाय भिंतीच्या मुळाशी वाकवणारा जोर उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. भिंत १.४ ची १.७ मीटर झाली की तो पावणेदोनपट होतो आणि इंजिनिअर दहाच्या जागी बाराची सळई मागतो. चार फूट पाण्यात बसता येतं, उभं राहता येतं. त्याहून खोल कशाला करायचा, याचं उत्तर मला आजवर पटलेलं नाही.

आणि पावसाळा. हौद भरलेला असताना पाण्याचा जोर भिंतींवर बाहेरच्या दिशेने असतो. रिकामा असताना ओली माती त्याला आत ढकलते, आणि भूजल वर आलं असेल तर खालूनही उचलतं. पूर्ण जमिनीत असलेल्या आपल्या हौदाचं बाहेरचं आकारमान २१.६ घनमीटर, म्हणजे भूजल काठापर्यंत आलं तर उचल २१.६ टनांची. ओट्यासकट काँक्रीटचं वजन १७.८ टन. जमिनीखाली पाऊण फुटावर पाणी पोचलं तरी हा नुसता काँक्रीटचा हौद होडीसारखा तरंगायला मोकळा. प्लास्टर-टाइलचे पावणेतीन टन मिळवले तरी उचल भारीच राहते. कोकणातल्या सखल जागी जुलैत विहिरी काठोकाठ भरतात, तेव्हा भूजल एवढं वर येणं अजिबात नवलाचं नाही.

म्हणून अर्धवट बांधलेला हौद जून उजाडण्याआधी एकतर टाइलपर्यंत पूर्ण करून भरावा किंवा तसाच पाण्याने भरून ठेवावा, आणि शेवाळ साफ करायला भर पावसात रिकामा करू नये. जागा सखल असेल तर इंजिनिअर तळाचा स्लॅब चारही बाजूंना भिंतीच्या बाहेर तीस सेंटिमीटर काढतो, म्हणजे वरच्या मातीचं वजन त्याला दाबून धरतं. तळ मग ५.१ बाय ३.६ मीटरचा होतो आणि काँक्रीट २.७ वरून ३.७ घनमीटरवर जातं. पीसीसी आणि खड्डाही तेवढाच रुंदावतो. अंदाजपत्रकात तळासाठी २.७ हाच आकडा असेल, तर स्लॅब बाहेर काढणार आहात का, हे ठेकेदाराला खड्डा खणण्याआधी विचारून घ्यावं.